'स्विच्ड ऑफ' म्हणजे फोन बंदच, असं नाही

फोन नीट बंद केला किंवा एअरप्लेन मोडवर टाकला, की तो जाता जाता नेटवर्कला 'मी निघालो' असा संदेश देतो. त्यानंतर कॉल केला तर साधारणपणे 'स्विच्ड ऑफ' ऐकू येतं. पण फोन घाटात रेंजबाहेर गेला तर हा निरोप द्यायचा राहतो. नेटवर्क त्याला शेवटच्या ठाऊक भागातल्या टॉवरवरून हाका मारतं, उत्तर येत नाही, आणि तुम्हाला 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं.

खरी गोम पुढे आहे. फोनने ठरावीक वेळाने नेटवर्कला हजेरी द्यायची असते. ती बराच वेळ चुकली की नेटवर्क स्वतःच त्याला बंद धरतं. ताम्हिणी घाटात मुक्कामी गेलेल्या भावाचा फोन दुपारी 'कव्हरेजबाहेर' आणि रात्री 'स्विच्ड ऑफ' लागला, आमची आई हवालदिल! फोन मात्र चालूच होता, रेंज तेवढी नव्हती. म्हणून पहिली सूचना कोणती होती ते लक्षात ठेवा.

'व्यस्त' ऐकू आलं तर फोन रेंजमध्ये आहे. माणूस बोलतोय किंवा त्याने कॉल कापला. 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' हे मात्र वेगळं. तिथे अडचण वाटेत असते, समोरच्या फोनचा दोष नसतो. थोडं थांबून किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावून बघा.