ऑक्साइडचे वर्गीकरण: लिटमस न बदलणे म्हणजे उदासीन नव्हे, या चुका टाळा

इंदूरमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना एक चूक मला दरवर्षी वह्यांमध्ये सापडते. झिंक ऑक्साइडची चिमूटभर पांढरी भुकटी पाण्यात ढवळली, निळा आणि लाल दोन्ही लिटमस कागद बुडवून पाहिले, रंग बदलला नाही, आणि मुलाने निष्कर्ष लिहिला की झिंक ऑक्साइड उदासीन आहे. निरीक्षण अगदी बरोबर असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण लिटमस फक्त पाण्यात विरघळलेल्या पदार्थाबद्दल सांगू शकतो आणि झिंक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वाळू म्हणजे सिलिका हीसुद्धा लिटमसला दाद देत नाही, तरी ती आम्लधर्मी आहे. कॅल्शियम ऑक्साइडबरोबर तापवली की तिचे सिलिकेट होते: CaO + SiO₂ → CaSiO₃.

उदासीन हा शब्द CO, NO आणि N₂O अशा मोजक्या ऑक्साइडांसाठी राखून ठेवावा. ज्या ऑक्साइडची आम्लाशीही आणि आम्लारीशीही सहसा क्षार देणारी क्रिया होत नाही, तोच उदासीन.

इथे आपल्या घरांतली भाषेची एक अडचणही सांगितली पाहिजे. मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या क्रियेतून मिळणारे मीठ, तर शाळेतल्या हिंदी पुस्तकात त्याच मिठाला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी. घरी मराठी आणि वर्गात हिंदी बोलणारी मुले म्हणूनच ‘उभयधर्मी ऑक्साइड क्षार देतो’ हे वाक्य उलट्या अर्थाने वाचतात. या लेखात क्षार हा शब्द मराठी अर्थानेच घेतला आहे.

झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी क्रिया करून क्षार देते, हे दोन समीकरणांतून दिसते:

ZnO + 2HCl → ZnCl₂ + H₂O

ZnO + 2NaOH + H₂O → Na₂[Zn(OH)₄]

पहिली क्रिया सहज होते. अडचण दुसऱ्या क्रियेत येते, कारण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये झिंक ऑक्साइड थोडेच विरघळते आणि भुकटी जास्त घातली तर तळाशी बराच गाळ उरतो. मुले तो गाळ पाहून ‘विरघळला नाही, म्हणून आम्लारिधर्मी’ असे लिहून मोकळी होतात. गाळाकडे पाहून निर्णय घेऊ नये. वरच्या द्रावात झिंक गेले आहे की नाही, हे तपासावे.

त्यासाठी तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. पहिलीत तांदळाच्या दाण्याएवढे झिंक ऑक्साइड, दुसरीत तेवढेच मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि तिसरी रिकामी. तिन्हींत 4 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचे 3 मिलिलिटर घालून, डोळ्यांवर चष्मा लावून, गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटे मधूनमधून हलवत ठेवावे. थंड झाल्यावर गाळ खाली बसू द्यावा आणि वरचा स्वच्छ द्राव ड्रॉपरने वेगळ्या नळ्यांत काढावा; गाळणकागद इथे वापरू नये, कारण इतक्या तीव्र आम्लारीने तो कमजोर होतो.

आता प्रत्येक द्रावात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, दर थेंबानंतर हलवत, घालावे. झिंकच्या नळीत आम्लारी जवळपास संपत आली की पांढरा, जेलीसारखा अवक्षेप दिसतो, तो Zn(OH)₂, आणि आणखी आम्ल घातले की तो पुन्हा नाहीसा होतो. मॅग्नेशियमची आणि रिकामी नळी स्वच्छच राहतात. आम्ल एकदम ओतले तर अवक्षेपाचा हा टप्पा डोळ्यांसमोरून निसटतो आणि प्रयोग फसला असे वाटते. बहुतेक वेळा दोष एवढाच असतो.

सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी अमोनिया वापरण्याची चूक मात्र अधिक फसवी आहे. अमोनियात Cu(OH)₂ विरघळून गडद निळा द्राव होतो, पण ते तांब्याच्या आयनाभोवती अमोनियाचे रेणू जोडले गेल्यामुळे होते. त्यावरून कॉपर ऑक्साइड आम्लधर्मी किंवा उभयधर्मी ठरत नाही. उलट ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड अमोनियात जवळजवळ विरघळत नाही, तरी ते उभयधर्मीच आहे.

ॲल्युमिनाबाबत आणखी एक गोष्ट. खूप तापवलेले Al₂O₃ आम्लालाही आणि आम्लारीलाही सहसा दाद देत नाही, त्यामुळे बाटलीतली भुकटी हलत नसेल तर ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणातून ताजा हायड्रॉक्साइड अवक्षेपित करून त्याचे दोन भाग तपासावेत. बायर प्रक्रियेत बॉक्साइटमधले ॲल्युमिनियम गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये जाते आणि Fe₂O₃ लाल गाळात मागे राहते, ते ॲल्युमिना उभयधर्मी आणि Fe₂O₃ आम्लारिधर्मी असल्यामुळे.

शेवटी, आवर्तसारणीवरची एक घाई. तिसऱ्या आवर्तात Na₂O आणि MgO आम्लारिधर्मी, Al₂O₃ उभयधर्मी, आणि SiO₂ पासून पुढे Cl₂O₇ पर्यंत आम्लधर्मी, हा क्रम पाठ असला तरी तो नुसत्या मूलद्रव्याच्या नावाने संक्रमण धातूंना लावता येत नाही. क्रोमियमचे CrO आम्लारिधर्मी, Cr₂O₃ उभयधर्मी आणि CrO₃ आम्लधर्मी आहे. ऑक्सिडेशन अंक +2, +3, +6 असा वाढतो तशी आम्लधर्मिताही वाढते. म्हणून ‘क्रोमियम ऑक्साइड कोणत्या प्रकारचे?’ असा प्रश्न आला, तर उत्तर लिहिण्याआधी कोणते क्रोमियम ऑक्साइड हे सूत्र पाहून ठरवावे.