या चुका टाळा: स्टॉपलॉस लावायचा आणि भाव जवळ आला की खाली सरकवायचा

माझा मावसभाऊ निलेश सांगलीत विश्रामबागला राहतो, घरचा मार्केट यार्डात हळदीचा धंदा आहे. त्यानं पहिल्यांदा शेअर घेतला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळं सगळं डोळ्यादेखत झालंय आणि अजून मनाला लागतंय.

412 रुपयांनी 200 शेअर घेतले, डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता ठेवायला. स्टॉपलॉस, म्हणजे भाव इतका खाली आला की शेअर विकायला निघणारी ऑर्डर, 395 ला. म्हणजे चुकलंच तर 17 गुणिले 200, साधारण 3,400 रुपये जाणार, हे त्यानं घ्यायच्या आधी वहीत लिहिलं होतं. इथपर्यंत पोरगं अगदी बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाव 397 ला आला. मोबाईल हातातच, ऑर्डर उघडली, `Modify` दाबलं आणि `Trigger Price` मध्ये 395 खोडून 388 टाकलं. मला म्हणाला, "दादा, जरासंच खाली केलंय, इथनं उसळी मारतंय बघ." तासाभरात भाव 390, मग ट्रिगर 380. खरी चूक इथं झाली, कारण 395 आकडा त्यानं चार्ट बघून, डोकं थंड असताना काढला होता आणि 380 मागं काहीच नव्हतं, फक्त तोटा बुक करायचा नव्हता.

आता अजून एक गोष्ट बऱ्याच नवीन लोकांना माहीत नसते, साधी `SL` ऑर्डर फक्त त्या दिवसापुरती असते, साडेतीनला मार्केट बंद झालं की ती पण गेली, दुसऱ्या दिवशी परत लावायला लागते. चौथ्या दिवशी सकाळी निलेशनं ती लावलीच नाही. भाव 379 ला बंद झाला, संध्याकाळी कंपनीचा तिमाही रिझल्ट आला, नफा घटलेला, आणि पाचव्या दिवशी सव्वानऊला शेअर थेट 361 ला उघडला.

घरात काका म्हणाले, "माल हाय ना घरात, मग घाई कशाला, भाव येतोय की." काकांचं चुकीचं नव्हतं, हरिपूरच्या पेवात हळद ठेवून चांगल्या भावाची वाट बघणाऱ्या लोकांत त्यांचं आयुष्य गेलंय. पण हळद पडून राहिली तरी हळदच असते आणि पुढच्या हंगामात पीक कमी आलं की तिला भाव येतो. शेअरच्या मागं कंपनी असते, तिची कमाईच घटली तर तुमच्या हातात 412 ला घेतलेला माल उरलेलाच नसतो. हे निलेशला तेव्हा पटलं नाही, त्यानं 352 ला अजून 100 घेतले. ॲव्हरेज 392 झाली म्हणून जरा बरं वाटलं, पण पडणाऱ्या शेअरमध्ये आता 200 च्या जागी 300 नग अडकले. तीन आठवड्यांनी बहिणीच्या ॲडमिशनची फी भरायची होती म्हणून 298 ला सगळे विकले. 1,17,600 घातले, 89,400 आले, तोटा 28,200. 3,400 च्या जागी. आणि थांबला असता तरी 298 वरनं 392 ला यायला शेअर साडेएकतीस टक्के वर जायला लागला असता.

मग करायचं काय? डिलिव्हरीसाठी रोज लावायची भानगड नको असेल तर ब्रोकरच्या ॲपमध्ये `GTT` असतं, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत थांबणारी ऑर्डर, ते लावा, ते दिवस संपला तरी राहतं. पण तुमचं `DDPI`, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला एकदाच दिलेली परवानगी, झालेलं नसेल तर डीमॅटमधले शेअर विकायला त्या दिवशी `TPIN` हा डीमॅटचा पिन टाकून परवानगी द्यायला लागते, ती दिली नसेल तर ट्रिगर लागूनही ऑर्डर रिजेक्ट होऊ शकते. म्हणून `DDPI` आधी करून घ्या.

आणि स्टॉपलॉस म्हणजे हमी नाही, हेही नीट कळलं पाहिजे. ट्रिगर 395 आणि लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, 394 ठेवली आणि शेअर सकाळी 361 ला उघडला, तर ट्रिगर लागतो पण 394 ला घेणारा कुणी नसतो, ऑर्डर तशीच पेंडिंग राहते. ऑर्डर बुकमध्ये ती पेंडिंग दिसली की थांबू नका, लिमिट खाली आणून बाहेर पडा. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त पडू शकतो ती मर्यादा, लागलं असेल तर मात्र समोर खरेदीदारच नसतो, तेव्हा काहीच चालत नाही. त्यामुळं रिझल्टच्या आदल्या दिवशी नग कमी करणं हा एकच खात्रीचा उपाय मला माहीत आहे.

निलेश आता आधी तोटा ठरवतो, मग नग. परवा 250 चा शेअर बघितला, स्टॉपलॉस 238, फरक 12 रुपये, एका सौद्यात हजाराच्या वर घालवायचे नाहीत म्हणून 83 च घेतले. `GTT` लावली, वहीत 238 लिहून खाली तारीख टाकली आणि मोबाईल दुकानाच्या गल्ल्यात ठेवून वजनकाट्यावर गेला.