सिगारेट-दारूच्या कंपन्या नकोत? मग फंड निवडताना या चुका टाळा

‘तंबाखू, दारू आणि जुगार यांत माझा पैसा नको’ असं सांगणाऱ्या बहुतेकांची एखाद्या निफ्टी 50 इंडेक्स फंडात एसआयपी चालू असते. त्या निर्देशांकात आयटीसी आहे आणि आयटीसीच्या नफ्याचा मोठा वाटा आजही सिगारेटमधून येतो. आशीर्वाद आटा आणि सनफीस्ट बिस्किटं घरात रोज दिसतात, त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही, एवढंच.

पहिली चूक: फॅक्टशीट पाहून निश्चिंत होणं

फॅक्टशीटमध्ये अनेकदा फक्त पहिल्या दहा कंपन्या ठळकपणे दिसतात. नको असलेली कंपनी तेराव्या नाहीतर तिसाव्या क्रमांकावर असते. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक फंड हाऊसला महिना संपल्यावर दहा दिवसांत संपूर्ण पोर्टफोलिओ संकेतस्थळावर टाकावा लागतो. ‘मंथली पोर्टफोलिओ’ नावाची ती एक्सेल फाइल उतरवून घ्या. कंपनीचं नाव, ISIN म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, उद्योग, शेअर्सची संख्या आणि शेवटी फंडातला वाटा सांगणारा `% to NAV`, असे तिचे रकाने असतात.

इथेच बरेच जण फसतात. फाइलमध्ये `Tobacco` शोधलं, काही सापडलं नाही, म्हणजे फंड स्वच्छ! प्रत्यक्षात आयटीसी तिथे `Diversified FMCG` या उद्योगाखाली, हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पंगतीला बसलेली असते. `Cigarettes & Tobacco Products` या नावाखाली गॉडफ्रे फिलिप्ससारख्या कंपन्या सापडतील. दारूचंही तसंच. युनायटेड स्पिरिट्स `Beverages` मध्ये येते आणि थंड पेयं भरणारी वरुण बेव्हरेजेसही त्याच रकान्यात. गोव्यात डेल्टिन कॅसिनो चालवणारी डेल्टा कॉर्प `Leisure Services` मध्ये, हॉटेलांच्या सोबत.

म्हणून उद्योगाच्या नावावर जाऊ नका. नको असलेल्या कंपन्यांची स्वतःची यादी करा आणि एकेक कंपनी ISIN ने शोधा. नाव कधी आखूड, कधी पूर्ण लिहिलेलं असतं, ISIN मात्र सगळीकडे सारखाच. आयटीसीचा आहे:

```
INE154A01025
```

बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज किंवा आर्बिट्राज फंडात आयटीसी वर 1.8 टक्के आणि खाली डेरिव्हेटिव्हच्या भागात उणे 1.8 टक्के अशी दोनदा दिसू शकते. फंडाने शेअर घेऊन तितकेच फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने द्यायचे करार, विकलेले असतात. कंपनीच्या नफातोट्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही, पण शेअर तर घेतलेलाच असतो. चालवून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. फंड ऑफ फंड्समध्ये मात्र नुसत्या दुसऱ्या फंडाची युनिट्स दिसतात, तेव्हा त्या मूळ फंडाची फाइल उघडावी लागते.

दुसरी चूक: ‘ईएसजी’ म्हणजे सिगारेट नाही, असं धरून चालणं

या एका गैरसमजापायी अनेक जण जास्त खर्चाचा फंड घेऊन बसले आहेत. ईएसजीमध्ये कंपनी पर्यावरण, समाज आणि कारभार कसा सांभाळते याला गुण दिले जातात. ती काय विकते, हा वेगळा प्रश्न. पाणी, वनीकरण आणि कार्बन यांवरच्या कामामुळे आयटीसीला एमएससीआय या मानांकन देणाऱ्या कंपनीने ‘एए’सारखी वरची श्रेणी दिलेली आहे. म्हणजे ईएसजी गुणांवर कंपन्या निवडणारा फंड आयटीसी अगदी नियमात राहून घेऊ शकतो.

सेबीने 2023 मध्ये ईएसजी फंडांसाठी सहा वेगवेगळ्या धोरणांची सोय केली. तेव्हापासून धोरण फंडाच्या नावातच दिसतं. नावात ‘एक्स्क्लुजनरी’ असेल तर काही उद्योग वगळलेले असतात. ‘इंटिग्रेशन’ किंवा ‘बेस्ट इन क्लास’ असेल तर तसं गृहीत धरता येत नाही. एक्स्क्लुजनरी फंडातही काय वगळायचं हे फंड हाऊसच ठरवतं. ती यादी योजनेच्या माहितीपत्रकात, म्हणजे एसआयडीमध्ये असते. कंपनीच्या उत्पन्नाचा किती टक्के भाग त्या धंद्यातून आला तर ती वगळायची, ही मर्यादा तिथे दिली आहे का तेवढं जरूर पाहा.

शरिया निर्देशांकावरचे किंवा ‘एथिकल’ नावाचे काही फंड तंबाखू-दारू वगळतात, पण सोबत व्याजावर चालणाऱ्या बँकाही वगळतात. ते तुमचंही मूल्य असेल तर उत्तम. नसेल, तर बाजाराचा फार मोठा तुकडा तुम्ही विनाकारण सोडून देता.

तिसरी चूक: परताव्याचा हिशेब चुकीच्या जागी लावणं

वगळल्याने परतावा बुडतो का? कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्स या निवृत्तिवेतन निधीने 2001 च्या सुमारास तंबाखूचे शेअर्स काढले. 2016 मध्ये सल्लागारांनी हिशेब मांडला तेव्हा सुमारे 3 अब्ज डॉलरचा नफा हुकल्याचं दिसलं. तरीही संचालक मंडळाने बंदी कायम ठेवली. आकडा प्रचंड वाटतो, पण निधी शेकडो अब्ज डॉलरचा आहे. अशा शेअर्सनी पूर्वी जास्त परतावा दिल्याचं 2009 च्या एका गाजलेल्या संशोधनात दिसलं होतं: मोठ्या संस्था ते टाळतात, म्हणून ते स्वस्त राहतात. नंतरच्या अभ्यासांनी त्यातला बराचसा फायदा या कंपन्यांच्या भरघोस नफ्याला आणि जपून केलेल्या भांडवली खर्चाला जोडला. तसे गुण इतर धंद्यांतल्या कंपन्यांतही असतात.

आता आपल्या खिशाचं गणित. समजा दरमहा 10,000 रुपयांची एसआयपी, 20 वर्षं, परतावा 12 टक्के. सुमारे 98.9 लाख होतात. नको असलेल्या कंपन्यांचा वाटा 3.5 टक्के धरा आणि त्या उरलेल्या बाजारापेक्षा दरवर्षी तब्बल 5 टक्के जास्त देतील असंही माना. त्या वगळल्याने वर्षाला साधारण 0.175 टक्का कमी मिळेल. शेवटी 96.6 लाख, म्हणजे फरक 2.3 लाखांचा.

पण त्या वगळण्यासाठी तुम्ही 0.2 टक्का खर्चाचा इंडेक्स फंड सोडून 1.2 टक्का खर्चाच्या फंडात गेलात, तर बाकी सगळं तेच धरूनही 86.6 लाख हातात येतात. फरक 12 लाखांहून जास्त. वितरकाचं कमिशन धरलेला रेग्युलर प्लॅन घेतला तर आणखी. सिगारेट सोडल्याचा तोटा शोधत बसण्यापेक्षा आधी एक्स्पेन्स रेशो बघा, असं मी म्हणतो ते यामुळे.

एक-दोन वर्षांच्या परताव्यावरून तर काहीच ठरवू नका. 18 जुलै 2017 ला सिगारेटवरचा जीएसटी सेस वाढला आणि आयटीसी एका दिवसात 12 टक्क्यांहून जास्त पडला. 2022 मध्ये तोच शेअर 50 टक्क्यांच्या आसपास वाढला, निफ्टी जेमतेम 4 टक्के. त्याच वर्षी आयटीचे शेअर्स आपटले. ज्या ईएसजी फंडांत आयटी कंपन्यांचा भरणा होता ते मागे पडले, आणि दोष मूल्यांच्या माथी आला. तुलना करायचीच तर फंडाच्या बेंचमार्कच्या लाभांशासहित आकड्याशी, टीआरआयशी करा, आणि कोणत्या क्षेत्राचा वाटा किती वेगळा होता तेही शेजारी मांडा.

चौथी चूक: यादी हाती येताच सगळं विकणं

इक्विटी फंडात वर्षापेक्षा जुन्या युनिट्सवरच्या नफ्याला एका आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आहे. म्हणून जुनी एसआयपी थांबवून नवी रक्कम नव्या फंडात सुरू करा आणि जुनी युनिट्स दर आर्थिक वर्षात त्या मर्यादेत बसतील तेवढीच काढा. लवकर विकल्यास कापला जाणारा एक्झिट लोड कोणत्या तारखेपर्यंत लागतो ते आधी बघून घ्या. निफ्टी 50 मधल्या कंपन्यांचा नियमित फेरविचार वर्षातून दोनदा होतो. सक्रिय फंडाचा व्यवस्थापक मात्र कोणत्याही महिन्यात आयटीसी घेऊ शकतो, त्यामुळे त्याची फाइल दर तिमाहीला उघडा.