पणतीचा उजेड की कावीळ? फोटोत दिवा लावताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या स्टुडिओत एकच काम येतं. फोटोत पणती विझलेली असते, नाहीतर फ्लॅशच्या झोतात ज्योत दिसेनाशी झालेली असते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, जरा दिवा पेटवून द्या ना." ज्योत पेटवायला पाच मिनिटं पुरतात. तिचा उजेड माणसांच्या तोंडावर पाडायला तास जातो, आणि नवशिक्यांना नेमका तोच तास द्यायचा नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चेहऱ्यावर नारिंगी रंग फासणं. फोटोशॉपमध्ये नवा लेयर घ्यायचा, मऊ ब्रश, दाट केशरी रंग, गालावर दोन हात मारायचे, ओपॅसिटी तीस टक्के, झालं काम. आमच्याकडे याला 'कावीळ' म्हणतात, आणि हे नाव एका गिऱ्हाइकानेच दिलंय.

फोटो साधा होता. परकर-पोलक्यातली सातेक वर्षांची मुलगी हातात पणती धरून उभी, शेजारी आई आणि मागे पाटावर बसलेली आजी. पणती वाऱ्याने विझलेली आणि फ्लॅश थेट समोरून मारलेला. तेव्हा माझ्याकडे नवा असलेल्या पोराने तो दुपारी घेतला आणि चहाच्या आत संपवला. मीही घाईत होते, नीट न बघता प्रिंट दिली. दुसऱ्या दिवशी काका पाकीट घेऊन परत हजर. "आमच्या आईला कावीळ झाल्यासारखी दिसतेय हो." पोरगं म्हणालं, "काका, तो दिव्याचा उजेड आहे." काका म्हणाले, "उजेड असता तर तिचा चेहरा उजळला नसता का?"

काकांना फोटोशॉपचं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलले ते शंभर टक्के बरोबर. मी फाईल उघडली आणि सगळ्यात वर Black & White हा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकला. रंग गेल्यावर आजीच्या गालावर काजळी पुसल्यासारखे डाग दिसायला लागले. दिव्याकडचा गाल लांबच्या गालापेक्षा काळा! कारण उघड आहे. Normal मोडमधला नारिंगी रंग फ्लॅशने पांढुरक्या झालेल्या कातडीवर बसला की तिला झाकतो, म्हणजे गडदच करतो. काळ्या केसांवर तोच रंग पडला की केस मात्र उजळ होऊन तांबडे दिसतात. खरा उजेड याच्या उलट वागतो. कातडी जास्त उजेड परत फेकते म्हणून उजळते, केस फारसा फेकत नाहीत म्हणून काळेच राहतात, आणि सुरकुत्या बुजण्याऐवजी उठून दिसतात. Overlay ने हे दुखणं थोडं कमी होतं, पण सावल्यांचा रंग भडक होतो. ते बरं होणं नव्हे, नुसता ताप उतरणं.

तेव्हापासून मी तो काळा-पांढरा लेयर कामाच्या सुरुवातीलाच टाकते आणि दर दहा मिनिटांनी चालू-बंद करते. रंग काढल्यावरही चेहऱ्यावर दिवा दिसला तर काम बरोबर चाललंय. रंगाबरोबर दिवाही गेला, तर तुम्ही उजेड पाडलेलाच नाही, नुसती हळद लावलीय.

दुसरी चूक पहिलीच्या मुळाशीच आहे. आधी अंधार करत नाहीत. फ्लॅशने लख्ख झालेल्या फोटोत पणतीचा उजेड दिसणार तरी कुठे? भर दुपारी अंगणात दिवा लावून बघा. म्हणून दिवा लावायच्या आधी मी खोलीतली ट्यूब विझवते. एक Curves लेयर घेते, उजवीकडचं वरचं टोक 255 वरून साधारण 170 वर आणते, मधला 128 चा बिंदू 60 च्या आसपास खाली ओढते. त्यातच Red किंचित कमी करते, म्हणजे उरलेला उजेड थंड वाटतो आणि पुढे दिव्याची ऊब वेगळी कळते. फोटो आठ बिटचा असेल तर याआधी सोळा बिटमध्ये न्यावा, नाहीतर मागच्या भिंतीवर पट्टे उमटतात.

आता उजेड बाहेरून आणायचा नाही. तो मूळ फोटोत आहेच, आपण फक्त झाकलाय. त्या Curves च्या मास्कवर काळा, मऊ ब्रश घ्यायचा, Flow पाच ते दहा टक्के, आणि जिथे दिवा पोचतो तिथला अंधार हळूहळू पुसायचा. खालून मूळ कातडी वर येते, रंध्रांसकट. मग वर दुसरा Curves लेयर फक्त रंगासाठी: Red मध्ये 128 चं 145, Blue मध्ये 128 चं 95, आणि Blue चं वरचं टोक 255 वरून 190 वर. हे टोक विसरलात तर दात आणि डोळ्यांचे पांढरे भाग ट्यूबखाली असल्यासारखे पांढरेफेक राहतात. मास्क नव्याने रंगवू नका. पहिल्याचा मास्क Alt दाबून या लेयरवर ओढायचा आणि Ctrl+I ने उलटा करायचा, म्हणजे उजेड आणि ऊब एकाच जागी पडतात. हे आकडे माझ्या सवयीचे आहेत, सावळ्या कातडीला Red थोडा कमी लागतो. Ctrl+3 दाबून लाल चॅनेल एकटा बघा. त्यात नाकाचा शेंडा सपाट पांढरा दिसला तर हात आखडता घ्या. Ctrl+2 ने परत यायचं.

हे झाल्यावर खरी गंमत अंतराची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नवमांश. आमच्या फोटोत मुलीचा चेहरा पणतीपासून वीतभर, समजा पंचवीस सेंटिमीटरवर, आणि आजी पाऊण मीटरवर. म्हणजे मुलीला जो उजेड मिळतो त्याच्या नवव्या हिश्श्याने आजी दिसायला हवी. पडद्यावरचे आकडे सरळ भागाकाराने उतरत नाहीत, म्हणून मुलीचा गाल 200 च्या आसपास असेल तर आजीच्या गालावर दिव्याचा वाटा 75 च्या जवळपास येतो, 22 वर नाही. पोराने तिघींना सारखंच उजळवलं होतं, जणू दिवा सरकारी योजनेतला आहे आणि सगळ्यांना समान लाभ मिळायला हवा.

दिशाही बघा. पणती छातीशी आहे, म्हणजे उजेड खालून येतो: हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्यांखाली, वरचा ओठ, वरच्या पापण्या आणि भुवईचं हाड उजळतं. कपाळ वर जाता जाता विझत जातं. डोळ्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका बाहुलीच्या मधोमध बसलेला असतो. तो आधी पुसायचा आणि बुबुळाच्या खालच्या बाजूला एक छोटा पिवळा ठिपका ठेवायचा. त्याशिवाय सगळं नीट करूनही चेहरा 'लागत' नाही. त्या नव्या पोराला हे कळायला सहा महिने लागले, कारण तो फोटो कायम दोनशे टक्क्यांवर बघायचा.

एक हात ज्योतीला आडोसा धरून असेल तर तिथे सगळेच फसतात. हाताची पाठ आपल्याकडे आणि ज्योत तळव्याकडे, म्हणजे पाठ काळोखातच राहणार. उजळतात त्या बोटांच्या कडा आणि बोटांमधल्या फटी, आणि त्याही नारिंगी नाहीत, लालसर, कारण उजेड मांसातून गाळून येतो. मोबाईलची टॉर्च तळव्याखाली धरून बघा. लोक सरसकट पिवळा हात रंगवतात आणि मग तो मेणाचा वाटतो.

ज्योतीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर लोक आधीच गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. नेटवरून मेणबत्तीची ज्योत उचलून पणतीच्या मधोमध तेलावर तरंगत ठेवू नका. लांब वात काठावर टेकलेली असते, ज्योत तिथेच, चोचीशी. मधोमध उभी ज्योत फक्त फुलवातीची, म्हणजे निरांजनात. समईच्या पाच वातींना एकच ज्योत पाचदा चिकटवली तर लहान मूलसुद्धा ओळखतं. मी दर वर्षी घरच्याच पणत्या, निरांजन, समई काळ्या कापडासमोर, अंधाऱ्या खोलीत टिपून ठेवते. Screen मोडमध्ये काळं आपोआप जातं. ज्योतीभोवती चौकोन दिसत राहिला तर तुमचं काळं पुरतं काळं नाही, Levels मध्ये डावा त्रिकोण आत सरकवा.

ज्योत अख्खी नारिंगीही नसते. चेहरे नीट दिसतील अशा एक्स्पोजरला तिचा गाभा जवळजवळ पांढरा जळतो, पिवळा-नारिंगी कडेला उरतो. वात आणि निळा पाया स्पष्ट दिसणारी देखणी ज्योत उजळ चेहऱ्याशेजारी ठेवली की ती परकीच वाटते. भोवतालचा वलयाचा गोळा लिंबाएवढा करा, नारळाएवढा नको. आणि Lens Flare वापरायचा असेल तर मला फोटो दाखवू नका.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण इथे शब्दशः पाळा. पणतीच्या बुडाची सावली तिच्याखालच्या ताटात पडते, उजेड त्याच्या पलीकडून सुरू होतो. मागच्या भिंतीवर फ्लॅशची कडक सावली शिल्लक असेल तर तीही पुसा. आणि फोटोतच ट्यूब चालू दिसत असेल किंवा खिडकीतून ऊन येत असेल तर काम घेऊ नका, नाहीतर सरळ सांगा की ज्योत दिसेल, उजेड दिसणार नाही.

काकांचा फोटो मी रात्री बसून पुन्हा केला. मुलगी छान उजळली, आई अर्धी, आजी मागे मंद. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे, पण आई दिसायला हवी हो जरा." गणित बरोबर होतं, पण फोटो आजीसाठी होता. मग आजीवर दिवा वाढवला नाही, फक्त तिच्यापुरता अंधार कमी केला: पहिल्या Curves च्या मास्कवर तिला थोडं पुसलं, आणि उलटा केलेला मास्क तसाच ठेवला, म्हणजे ऊब वाढली नाही. खोलीत कुठेतरी मंद दिवा असावा तशी आजी दिसायला लागली. दुसऱ्या प्रिंटचे पैसे अर्थात मीच भरले.