शिकवणीचा वर्ग पुढे ढकलताना पालकांना काय कळवावे

घरी दहावीच्या गणिताची शिकवणी सुरू केली, त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली. गुरुवारचा वर्ग मला घेता येणार नव्हता, म्हणून मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले, ‘परवाचा क्लास होणार नाही, नंतर कळवते.’ एका मुलीच्या वडिलांनी तो संदेश बुधवारी सकाळी वाचला. त्यांच्या दृष्टीने परवा म्हणजे शुक्रवार होता आणि शुक्रवारी आमचा वर्ग नसतोच, त्यामुळे संदेश आपल्यासाठी नाही असे समजून त्यांनी तो सोडून दिला. गुरुवारी सहा वाजता ते मुलीला दुचाकीवरून फाटकाशी सोडून पुढे निघून गेले. मी परतले तेव्हा ती दप्तर पोटाशी धरून शेजारच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी होती. तिच्याजवळ फोन नव्हता.

त्या दिवसापासून उद्या, परवा, पुढचा शनिवार हे शब्द मी अशा संदेशातून काढून टाकले, कारण ते संदेश लिहिण्याच्या दिवसाला बांधलेले असतात आणि वाचणारा तो कधी वाचेल हे आपल्या हाती नसते. ‘वर्ग पुढे घेतला आहे’ हे वाक्यही टाळावे. काही जण त्याचा अर्थ लांबणीवर टाकला असा घेतात, तर काही जण अलीकडे आणला असा. वार आणि तारीख दोन्ही लिहावीत, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती लगेच लक्षात येते.

मात्र संदेश लिहिण्यापूर्वी भरपाईचे नियोजन पक्के असले पाहिजे, कारण ‘नंतर कळवते’ असे लिहिले की प्रत्येक पालकाचा स्वतंत्र फोन येतो. नंतरच्या एका वर्षी आईच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मला गुरुवार, ८ ऑगस्टचा वर्ग हलवावा लागला. तुकडीत अठरा मुले होती आणि वर्ग मंगळवार, गुरुवार व शनिवार असे असत. पुढच्या तीन वर्गांत अर्धा अर्धा तास वाढवावा असे आधी मनात आले, परंतु साडेसातला सुटणारी मुले आठला सुटली असती, आणि न्यायला येणारे पालक व ठरलेले रिक्षावाले यांची तीन दिवस गैरसोय झाली असती. म्हणून रविवारी सकाळचा दीड तास निवडला. त्या दिवशी शाळेची घटक चाचणी किंवा सहल नाही ना, हे दोन वेगवेगळ्या शाळांतील मुलांना आधी विचारून घेतले.

नवीन शिक्षकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट पाठांच्या क्रमाची आहे. गुरुवारी वर्गसमीकरणे सोडवण्याची सूत्र पद्धत शिकवायची होती आणि शनिवारी त्यावरची शाब्दिक उदाहरणे. गुरुवारचा पाठ जसाच्या तसा रविवारी नेला असता, तर शनिवारी मुलांना समीकरण मांडता आले असते, पण अवयव पडत नसतील तिथे ती अडली असती. म्हणून सूत्र पद्धत शनिवारी आणि शाब्दिक उदाहरणे रविवारी असा बदल केला. संदेश असा होता:

‘नमस्कार. इयत्ता दहावी, सायंकाळची तुकडी. घरगुती वैद्यकीय कारणामुळे गुरुवार, ८ ऑगस्ट रोजी सायंकाळी ६ ते ७.३० हा वर्ग होणार नाही. त्याऐवजी रविवार, ११ ऑगस्ट रोजी सकाळी ८ ते ९.३० या वेळेत नेहमीच्याच ठिकाणी वर्ग होईल. शनिवार, १० ऑगस्टचा वर्ग ठरल्याप्रमाणेच होईल. शनिवारी सूत्र पद्धत व रविवारी शाब्दिक उदाहरणे घेतली जातील. ज्यांना रविवारी येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सोमवार, १२ ऑगस्ट रोजी सायंकाळी ५ ते ६ ही वेळ राखून ठेवली आहे. कृपया पाल्याचे नाव लिहून रविवार की सोमवार ते मंगळवार, ६ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत कळवावे.’

‘शनिवारचा वर्ग ठरल्याप्रमाणेच’ हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते नसेल तर रविवारचा वर्ग शनिवारच्या ऐवजी आहे असा समज हमखास होतो. वर्ग हलवण्याचे कारण एका ओळीत पुरे. तपशील दिले की उत्तरे चौकशीचीच येतात आणि वेळेचे उत्तर मागे राहते. नुसते ‘ओके’ किंवा हात जोडलेले चित्र आले, तर ते मी उत्तर धरत नाही, कारण त्यावरून संदेश पाहिला एवढेच कळते.

हा संदेश मी रविवारी, ४ ऑगस्टला सकाळी पाठवला आणि मंगळवारी तोच मजकूर फळ्यावर लिहून मुलांना वहीत उतरवायला लावला. मंगळवारी रात्री चौदा नावे आली होती. उरलेल्या चौघांच्या घरी बुधवारी फोन केले, तेव्हा एका पालकांनी नंबर बदलल्याचे समजले आणि एका घरी संदेश पाहिलेलाच नव्हता. तिघांनी सोमवार मागितला. तिसरा हिस्सा, म्हणजे सहाजण अडले असते, तर मी रविवारची वेळच बदलली असती, कारण सोमवारच्या एका तासात दीड तासाचा पाठ दोन-तीन मुलांनाच नीट देता येतो.

शनिवारी वर्ग सुटताना रविवारची वेळ पुन्हा सांगितली आणि गुरुवारी दाराबाहेर मोठ्या अक्षरांत, तारखेसह, एक कागद चिकटवून ठेवला होता.