‘Boot Device Not Found’: विंडोज पुन्हा टाकण्याआधी या चुका टाळा

पडद्यावर Boot Device Not Found असे उमटले की पुष्कळ जण डिस्क गेली असे समजून थेट फॉरमॅटकडे वळतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण डिस्क आणि तिच्यातील विंडोज शाबूत असूनही केवळ सेटिंग बदलल्यामुळे हा संदेश येऊ शकतो.

मे महिन्यात नागपुरात महाल भागातील आमच्या शेजारच्या काकूंचा जुना डेस्कटॉप रात्रभर वीज गेल्यानंतर असाच अडला. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करावे लागेल असे सांगितले होते आणि मुलीचा प्रबंध त्याच डिस्कवर होता. संगणक सुरू होताच Del दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानांवर गेलो, तेव्हा पहिल्याच पानावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा 3 व्होल्टचा सेल संपला होता. वीज होती तोवर काही बिघडले नाही, पण ती जाताच सर्व सेटिंग मूळपदावर गेली आणि त्या बोर्डाचे मूळपद लेगसी बूट, म्हणजे संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत, हे होते. विंडोज मात्र यूईएफआय या नव्या पद्धतीने टाकलेले होते. म्हणूनच बूटच्या यादीत डिस्कचे नाव होते, पण Windows Boot Manager ही नोंद नव्हती.

हा फरक नीट पाहावा. डिस्कचे नाव दिसत असेल, तर आधी बूटची पद्धत आणि क्रम तपासावा. आम्ही नवा सेल बसवला, तारीख लावली, पद्धत यूईएफआय केली, Windows Boot Manager सर्वांत वर आणले आणि F10 दाबून जतन केले. विंडोज नेहमीसारखे उघडले, प्रबंधाची फाईलही जागेवर होती.

डिस्कचे नावच दिसत नसेल, तर क्रम कितीही बदलला तरी उपयोग होत नाही. अशा वेळी संगणक बंद करून, वायर काढून, साटा डिस्कच्या डेटा आणि वीज अशा दोन्ही केबल पक्क्या बसवाव्यात, एम.२ डिस्क असेल तर ती काढून पुन्हा नीट सरकवावी आणि स्क्रू घट्ट करावा. तरीही नाव आले नाही, तर तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तिथेही ती दिसली नाही, तरच डिस्क बिघडली असावी असे मानावे, आणि माहिती मोलाची असल्यास पुढचे प्रयोग थांबवावेत.

अंदाजाने एकाच वेळी चार सेटिंग बदलणे ही दुसरी मोठी चूक आहे. डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारा साटा मोड AHCI वरून RAID वर गेला, तर विंडोज निळ्या पडद्यावर INACCESSIBLE_BOOT_DEVICE दाखवू शकते आणि मूळ दोष कोणता होता हे कळेनासे होते. म्हणून आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्यावा, एका वेळी एकच बदल करावा. डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची बिटलॉकर सोय चालू असल्यास 48 अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी, कारण अशा बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. आणि या सगळ्याच्याही आधी यूएसबीला लावलेला पेन ड्राइव्ह काढून एकदा संगणक सुरू करून पाहावा. बूटच्या क्रमात यूएसबी पहिली असेल, तर तेवढ्यानेही काम होऊ शकते.