गाळलेल्या जागांचा इंग्रजी उतारा: पेपरला देण्याआधीची तयारी

उताऱ्याचा विषय मुलांच्या ओळखीचा असावा, पण नुसत्या ओळखीवर उत्तरं सुटतील इतका नको. ठाण्यातल्या नववीच्या वर्गाला खाडीतल्या फ्लेमिंगोंवरचा उतारा चालेल. त्यातला ‘सँक्च्युअरी’ हा शब्द मात्र गाळू नका. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात सहलीला जाऊन आलेली मुलं तो न वाचताच भरतील. पहिलं वाक्य अख्खं ठेवा, म्हणजे विषय काय आहे ते आधी कळेल.

दर सातवा शब्द खोडायची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही. तिने ‘द’ आणि ‘ऑफ’सुद्धा गळतात आणि परीक्षा व्याकरणाची होते. शब्दसंग्रह तपासायचा असेल तर शब्द निवडून गाळा. समजा वाक्य आहे: ‘व्हेन द टाइड रिसीड्स, द मड लाइज ओपन अँड द बर्ड्स कम आउट टू फीड.’ यातला ‘रिसीड्स’ गाळला, तर उत्तराची खूण ‘मड लाइज ओपन’मध्ये आहे. म्हणून तिथे दुसरी जागा करायची नाही. आता ती खूण बोटाने झाकून वाक्य वाचा. ‘राइझेस’ही चालायला लागतो ना? म्हणजे संदर्भावाचून उत्तर ठरत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

खरा वेळ पर्यायांना द्या. ‘राइझेस’ घ्याच, कारण तो ‘टाइड’शी छान जुळतो आणि फक्त अर्थाने पडतो. दुसरा ‘रिड्यूसेस’. ‘पाणी कमी होतं’ हे डोक्यात ठेवून लिहिणारी मुलं हाच शब्द वापरतात. असे पर्याय आपल्या डोक्यातून काढण्यापेक्षा हाच उतारा दुसऱ्या तुकडीला पर्यायांशिवाय भरायला द्या आणि त्यांच्या चुका वेचा. ‘एब्स’ आणि ‘टर्न्स’ मात्र नकोत. पहिला सरळ बरोबरच आहे, दुसऱ्यावर हुशार मूल भांडेल आणि त्याचं चुकणारही नाही. उरला चौथा. तिन्हींत ‘रिसीड्स’ एकटाच अनोळखी दिसला, तर मुलं अर्थ न कळताच त्याच्यावर खूण करतात. म्हणून जोडीला ‘सब्मर्जेस’सारखा तितकाच अवघड शब्द हवा. चारही क्रियापदं एकाच रूपात आहेत का, हे एकदा बघून घ्या. क्रम वर्णानुक्रमे लावला की बरोबर उत्तर नेहमी ‘क’लाच येण्याची खोड मोडते.

छापण्याआधी एका सहकाऱ्याला उत्तरं न दाखवता पेपर सोडवायला द्या. प्रत्येक जागेला ‘दुसरं काही चालेल का?’ हे विचारा. मग चार-पाच मुलांकडून सोडवून घ्या आणि उत्तर का निवडलं ते तोंडी सांगायला लावा. कोणीच ज्याच्याकडे वळलं नाही तो पर्याय बदला. वर्गातली चांगली मुलंच एखाद्या चुकीच्या पर्यायाकडे जात असतील, तर आधी प्रश्न तपासा. उत्तरसूचीत प्रत्येक उत्तराशेजारी खूण कुठल्या ओळीत आहे तेही लिहा. तपासणाऱ्या बाईंना ते लागतं.